ईसॉपचं अकरा पानी ग्रँट लेटर एका पानात आणायचं असेल तर

प्रश्न: मी नाशिकला सातपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरला आहे. नवीन जॉइन झालेल्यांना आम्ही ईसॉपचं, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने पुढे घेता येण्याच्या हक्काचं, ग्रँट लेटर देतो, ते अकरा पानी आहे, कोणी वाचत नाही आणि सगळे येऊन मलाच विचारतात. सर म्हणाले एका पानाचा सारांश बनव, व्हेस्टिंग कधी, म्हणजे तो हक्क वापरता येण्याजोगा कधी होतो, एक्सरसाइज प्राइस किती, म्हणजे हक्क वापरून शेअर घेताना भरायचा भाव, आणि सोडून गेलं तर काय, एवढंच. कसा बनवू? काही चुकीचं लिहिलं गेलं तर अंगाशी येईल का?

उत्तर:

अंगाशी येऊ शकतं, पण बहुतेक वेळा ते चुकीचं लिहिल्यामुळे येत नाही, अर्धवट लिहिल्यामुळे येतं. व्हेस्टिंग आणि प्राइस हे दोन भाग सोपे आहेत, तासाभरात होतील. सोडून जाण्याचा भाग मात्र सगळ्यात किचकट, आणि नेमका तोच लोक दोन ओळींत गुंडाळतात कारण नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात "तू गेलास तर" असं सांगायला संकोच वाटतो. मी कंपनी सेक्रेटरी आहे, नाशिक-पुण्याच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या स्कीम करून देते, आणि माझ्याकडे जे वाद येतात ते जवळजवळ सगळे या तिसऱ्या भागाचेच असतात. म्हणून पानाची अर्धी जागा त्यालाच ठेवा.

सुरुवातीला एक गोष्ट करा, फक्त ग्रँट लेटर समोर ठेवून बसू नका. लेटरमध्ये कुठेतरी "स्कीमच्या अधीन राहून" असं वाक्य असणारच, म्हणजे लेटर आणि स्कीम यांच्यात फरक निघाला तर स्कीम खरी. त्यामुळे टेबलावर चार कागद हवेत. ग्रँट लेटर, मूळ ईसॉप स्कीम, ज्या बोर्ड मीटिंगमध्ये ग्रँट मंजूर झाली तिच्या ठरावाची कॉपी, आणि त्या माणसाचं ऑफर लेटर. स्कीम तुमच्याकडे नसेल तर अकाउंट्सकडे किंवा तुमच्या सीएसकडे मागा. "ती कॉन्फिडेन्शियल आहे" असं उत्तर आलं तर सरांना स्पष्ट सांगा की सोडून जाण्याचा भाग मग मी लिहू शकत नाही, कारण तो लेटरमध्ये साधारण एका परिच्छेदात असतो आणि खरा मजकूर स्कीममध्ये असतो.

आता एक उदाहरण घेऊन करूया. आकडे मी बनवलेले आहेत पण लेटरची रचना अशीच असते. समजा मुलगा १६ जून २०२५ ला जॉइन झाला. ऑफर लेटरमध्ये "५ लाखांचे ईसॉप" लिहिलंय. बोर्डाने ग्रँट मंजूर केली १ सप्टेंबर २०२५ ला, आणि लेटरमध्ये आहे १,२५० ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस १० रुपये, चार वर्षांचं व्हेस्टिंग, पहिल्या वर्षानंतर २५ टक्के आणि मग दर तिमाहीला ६.२५ टक्के.

पहिलं काम तारखांचं. टक्के लिहू नका, तारखा लिहा. "एक वर्षाचा क्लिफ", म्हणजे पहिलं वर्ष काहीच व्हेस्ट होत नाही, असं लिहिलंत की तो मुलगा आपोआप जॉइनिंगपासून मोजणार, १६ जून २०२६ डोक्यात धरणार. लेटरमध्ये "ग्रँट डेटपासून" असेल तर पहिली तारीख १ सप्टेंबर २०२६ आहे, अडीच महिन्यांचा फरक. जुलैत दुसरी ऑफर आली आणि "एक वर्ष झालंय, २५ टक्के माझे आहेत" म्हणून राजीनामा दिला तर हातात शून्य. हे मी प्रत्यक्ष होताना बघितलंय आणि तेव्हा भांडणात एचआरचा मेल पुरावा म्हणून बाहेर निघतो, ज्यात कोणीतरी मोघम "आफ्टर वन इयर" लिहिलेलं असतं.

काही लेटरमध्ये ग्रँट डेटऐवजी व्हेस्टिंग सुरू व्हायची वेगळी तारीख दिलेली असते आणि ती जॉइनिंगची असते. तसं असेल तर जरा जपून. आपल्याकडे कंपनी कायद्याखालचे २०१४ चे शेअर कॅपिटल आणि डिबेंचरचे नियम आहेत, त्यातला नियम १२ सांगतो की अनलिस्टेड कंपनीत ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यात किमान एक वर्षाचं अंतर पाहिजे. मोजणी जॉइनिंगपासून केली तरी १ सप्टेंबर २०२६ च्या आधी काहीही व्हेस्ट होऊ शकत नाही. म्हणजे १६ जूनला "लागू" झालेले २५ टक्के प्रत्यक्षात १ सप्टेंबरला व्हेस्ट होणार, आणि त्यानंतरचा तिमाहीचा हप्ता १६ सप्टेंबरला, लगेच पंधरा दिवसांनी. हे विचित्र दिसतं पण असंच आहे, आणि सारांशात दोन्ही तारखा लिहिल्या नाहीत तर लोकांना वाटतं एचआरने टायपिंगची चूक केलीये. आपल्या उदाहरणात मोजणी ग्रँट डेटपासूनच धरूया.

मग आकडे. १,२५० चे २५ टक्के म्हणजे ३१२.५. अर्धा ऑप्शन नसतो. इथे स्कीममध्ये राउंडिंगचं कलम शोधा, साधारणपणे असं असतं की अपूर्णांक खाली आणायचा आणि राहिलेलं शेवटच्या हप्त्यात द्यायचं. तसं धरलं तर १ सप्टेंबर २०२६ ला ३१२, मग दर तिमाहीला ७८ (६.२५ टक्के म्हणजे ७८.१२५), असे अकरा हप्ते, आणि शेवटचा १ सप्टेंबर २०२९ ला ८०. बेरीज करून बघा, ३१२ अधिक ८५८ अधिक ८०, बरोबर १,२५०. ही बेरीज प्रत्येक माणसाच्या पानावर झालीच पाहिजे. एक्सेलने टक्के लावून राउंड केलं की कधी १,२४९ येतं कधी १,२५१, आणि मुलं सॉफ्टवेअरवाली आहेत तुमची, ती पहिल्यांदा तेच बघतील.

तेराच्या तेरा तारखांचा छोटा तक्ता द्या, तारीख, त्या दिवशीचे ऑप्शन आणि एकूण झालेले. तिसरा कॉलम महत्त्वाचा आहे, कारण माणसाला "आज माझे किती" एवढंच हवं असतं. तक्त्याखाली एक ओळ, बिनपगारी रजेचं काय. बऱ्याच स्कीममध्ये लांब बिनपगारी रजेत व्हेस्टिंग थांबतं आणि तेवढ्या तारखा पुढे सरकतात. किती दिवसांनंतर थांबतं ते तुमच्या स्कीममधून जसंच्या तसं घ्या. मॅटर्निटी लीव्हबद्दलही स्कीम काय म्हणते ते वेगळं लिहा, ते जाणून घ्यायचं असलेलं कोणीतरी असतंच, पण संकोचाने विचारत नाही.

आता प्राइस. १० रुपये म्हणजे बहुधा शेअरची फेस व्हॅल्यू, छोट्या कंपन्यांमध्ये हे नेहमीचं आहे. १,२५० गुणिले १० म्हणजे सगळे घ्यायला १२,५०० रुपये. इथपर्यंत कोणालाही कळतं. पण "५ लाखांचे ईसॉप" आणि "१२,५०० रुपये" या दोन आकड्यांचा संबंध काय हे सारांशात सांगावं लागतं, नाहीतर घरी गैरसमज होतो. आपल्याकडे वडील एचएएल ओझरहून किंवा नोट प्रेसमधून रिटायर झालेले असतात, त्यांना शेअर म्हणजे डीमॅटमध्ये दिसणारे आणि सोमवारी विकता येणारे एवढंच माहिती, ते विचारतात पाच लाख आले का. ५ लाख हा आकडा कुठून आला ते ऑफर लेटरच्या कामात जो होता त्याला विचारा. आपल्या उदाहरणात तो १,२५० गुणिले ४०० असा आलाय, म्हणजे शेवटच्या फंडिंग राउंडमध्ये गुंतवणूकदाराने जो भाव दिला तो ४०० रुपये. पण गुंतवणूकदाराला सहसा प्रेफरन्स शेअर मिळतात, कंपनी विकली गेली तर पैसे आधी त्याचे परत जातात, आणि कर्मचाऱ्याला मिळतात साधे इक्विटी शेअर. दोघांची किंमत एक नसते. म्हणून तुमच्या पानावर ५ लाख हा आकडा टाकूच नका. टाकायचाच असेल तर "ऑफर देतानाचा अंदाज, मिळण्याची हमी नाही" असं शेजारीच लिहा.

प्राइसच्या भागात अजून एक ओळ हवी आणि ती जवळजवळ सगळे सारांश गाळतात. ऑप्शन एक्सरसाइज केल्यावर फक्त १० रुपये भरून भागत नाही, टॅक्स लागतो, आणि तो शेअर विकल्यावर नाही तर घेतानाच. एक्सरसाइजच्या दिवसाची फेअर मार्केट व्हॅल्यू उणे १० रुपये, हा फरक पगाराचा भाग धरतात, परक्विझिट म्हणून, आणि कंपनीने त्यावर टीडीएस कापायचा असतो. अनलिस्टेड कंपनीची व्हॅल्यू मर्चंट बँकरकडून काढून घ्यावी लागते, सीएने लिहून दिलेली चालत नाही, आणि ती रिपोर्टची तारीख एक्सरसाइजच्या आधी १८० दिवसांपेक्षा जुनी नको. पुढे शेअर विकले की त्या वेळचा नफा वेगळा, त्यावर कॅपिटल गेन. सारांशात टॅक्सचा दर लिहू नका, तो माणसागणिक वेगळा आणि बजेटगणिक बदलणारा. फक्त "घेताना एकदा, विकताना एकदा" हे लिहा आणि एक उदाहरण द्या. ते उदाहरण मी खाली सोडून जाण्याच्या भागातच दाखवते, कारण खरा दणका तिथेच बसतो.

सोडून जाणं. हाच मुलगा १० जानेवारी २०२८ ला राजीनाम्याचा मेल टाकतो. नोटीस ६० दिवस, म्हणजे शेवटचा दिवस १० मार्च २०२८. मेल टाकला त्या दिवशी त्याचे व्हेस्ट झालेले किती? ३१२ अधिक पाच तिमाह्यांचे ३९०, म्हणजे ७०२. पण १ मार्च २०२८ ला अजून ७८ व्हेस्ट व्हायचे आहेत आणि तो दिवस नोटीस पीरियडमध्ये येतो. मिळणार की नाही? नियम १२ एवढंच म्हणतो की राजीनामा किंवा काढून टाकणं झालं की त्या दिवशी जे व्हेस्ट झालेले नाहीत ते संपतात. "तो दिवस" कुठला हे स्कीम ठरवते. स्कीमच्या सुरुवातीला व्याख्यांचं पान असतं, तिथे "डेट ऑफ सेपरेशन" किंवा तसंच काही शोधा. काही ठिकाणी शेवटचा कामाचा दिवस धरतात, मग ७८०. काही ठिकाणी राजीनामा दिला तो दिवस, मग ७०२. आणि काही ठिकाणी व्याख्याच नसते, तेव्हा अंदाज करून काही लिहू नका, तुमच्या सीएसकडून लेखी घ्या आणि शक्य असेल तर पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये स्पष्टीकरण करून घ्या. लिहिताना मात्र असं लिहा की वाचणाऱ्याला हिशोब करता येईल, उदाहरणार्थ स्कीममध्ये राजीनाम्याचा दिवस धरला असेल तर: "राजीनामा दिल्यानंतर नोटीस पीरियडमध्ये येणारे हप्ते मिळणार नाहीत, कलम अमुक." एवढ्या एका ओळीने निम्मी भांडणं मिटतात. माणूस राजीनाम्याचा मेल दोन महिने पुढे टाकेल फार तर, ते त्याला करू द्या.

समजा आपल्या स्कीममध्ये राजीनाम्याचा दिवस धरलाय, म्हणजे ७०२. आता पुढचा प्रश्न, हे ७०२ घ्यायला मुदत किती. नियमात आकडा नाही, कंपनीने ठरवायची. ३० दिवस असतात, ९० असतात, काही चांगल्या कंपन्या काही वर्षंही देतात. आपल्या उदाहरणात शेवटच्या दिवसापासून ९० दिवस धरू, म्हणजे ८ जून २०२८. मुदत मोजायची सुरुवात आणि व्हेस्टिंग थांबायचा दिवस हे दोन वेगळे असू शकतात हे बघितलंत ना, इथे व्हेस्टिंग राजीनाम्याच्या दिवशी थांबतं आणि मुदत शेवटच्या दिवसापासून मोजतात. सारांश लिहिणारा दोन्ही ठिकाणी "सोडल्यावर" लिहून मोकळा होतो आणि वाचणाऱ्याला दोन्हीचा एकच अर्थ लागतो.

मुदत संपली की व्हेस्ट झालेले सुद्धा रद्द. हे ठळक लिहा. लोकांना वाटतं व्हेस्ट झाले म्हणजे माझे झाले. व्हेस्ट झाले म्हणजे विकत घ्यायचा हक्क मिळाला, शेअर अजून झालेच नाहीत, तोपर्यंत ना मतदान ना डिव्हिडंड.

आणि आता पैसे. समजा २०२८ मध्ये मर्चंट बँकरने ३१० रुपये व्हॅल्यू काढली. ७०२ शेअरचे १० रुपयांनी ७,०२०. परक्विझिट ७०२ गुणिले ३००, म्हणजे २,१०,६००. तो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर सेससकट ३१.२ टक्के, टॅक्स साधारण ६५,७०७. एकूण ७२,७२७ रुपये खिशातून, अशा शेअरसाठी जे तो कदाचित अनेक वर्षं विकू शकणार नाही. नोकरीत असताना एक्सरसाइज केलं तर हा टॅक्स पगारातून कापून घेता येतो. सोडून गेल्यावर पगारच नाही, मग शेअर अलॉट करण्याआधी टॅक्सची रक्कम आणून भर असं कंपनी सांगते, आणि तिचंही बरोबर आहे कारण टीडीएस भरायची जबाबदारी तिची. ९० दिवसांत पाऊण लाख रोख उभे करायचे, तेही घराचा हप्ता आणि नवीन नोकरीचा पहिला पगार यांच्यामध्ये. बरेच जण सोडून देतात. सोडणं चूकच असं नाही, पण निदान आधी माहिती असून सोडावं.

"स्टार्टअपला टॅक्स पुढे ढकलता येतो" असं कोणीतरी सांगेल. येतो, पण सगळ्या स्टार्टअपला नाही. केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी या खात्याचं स्टार्टअप म्हणून नुसतं रेकग्निशन पुरत नाही, टॅक्स सवलतीसाठीचं वेगळं इंटर-मिनिस्टेरियल बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं. आणि ज्याला ही सवलत मिळाली त्याने नोकरी सोडली की ढकललेला टॅक्स लगेच भरायची वेळ येते. म्हणजे सोडून जाणाऱ्याला तिचा उपयोग नाहीच. तुमच्या कंपनीकडे ते सर्टिफिकेट नसेल तर पानावर हा विषयच काढू नका.

अजून एक अडचण इथेच लपलेली असते. काही स्कीममध्ये लिहिलेलं असतं की एक्सरसाइज फक्त लिक्विडिटी इव्हेंटला करता येईल, म्हणजे कंपनी विकली गेली, लिस्ट झाली किंवा बायबॅक आला तर. आणि त्याच स्कीममध्ये दुसरीकडे लिहिलेलं असतं की सोडल्यावर ९० दिवसांत एक्सरसाइज करा नाहीतर रद्द. दोन्ही कलमं एकत्र वाचली तर सोडून जाणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण त्या ९० दिवसांत कंपनी विकली जाणं म्हणजे लॉटरीच. ड्राफ्ट करताना दोन वेगवेगळ्या नमुन्यांमधून कलमं उचलली की असं होतं. तुमच्या स्कीममध्ये हे सापडलं तर सारांशात गुळगुळीत भाषेत झाकू नका, आधी सरांना दाखवा. त्यांचा हेतू "सोडलेल्यांचे व्हेस्टेड ऑप्शन इव्हेंटपर्यंत टिकतील" असा असेल तर स्कीम दुरुस्त करून घ्यायला लागेल, त्याला शेअरहोल्डर्सचा ठराव लागतो, तुमच्या पानावर लिहून ते होत नाही.

बाकीच्या सोडण्याच्या प्रकारांपैकी मृत्यू आणि कायमचं अपंगत्व हे दोन नियमातच ठरलेले आहेत आणि कर्मचाऱ्याच्या बाजूचे आहेत. मृत्यू झाला तर न व्हेस्ट झालेले सुद्धा सगळे ऑप्शन वारसाला किंवा नॉमिनीला व्हेस्ट होतात, अपंगत्वात त्या माणसाला स्वतःला. त्यांना एक्सरसाइज करायला किती मुदत ते स्कीममधून बघा, साधारणपणे जास्त असते. आणि नॉमिनेशनचा फॉर्म लेटरच्या शेवटच्या पानांत कुठेतरी असतो, तो कोणी भरत नाही. त्याची आठवण याच ओळीत करा, वेगळ्या ठिकाणी केली तर कोणी बघणार नाही. कंपनीने काही कारण नसताना, म्हणजे प्रोजेक्ट बंद झालं वगैरे म्हणून काढलं, तर बहुतेक ठिकाणी राजीनाम्यासारखंच असतं, एक ओळ पुरे.

"कॉज" म्हणजे गैरवर्तनासाठी काढलं तर मात्र नीट लिहा. इथे बऱ्याच स्कीममध्ये व्हेस्ट झालेलेही जातात, आणि काहींमध्ये तर आधीच घेतलेले शेअर कंपनी परत विकत घेऊ शकते, तेही ज्या भावाने दिले त्याच भावाने. एचआरवाले इथे "गैरवर्तन असल्यास ऑप्शन रद्द" असं लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं चोरी, मारामारी, फ्रॉड, म्हणजे माझा काही संबंध नाही. स्कीममधली कॉजची व्याख्या काढून बघा. त्यात फ्रॉड असतोच, पण कॉन्फिडेन्शियालिटी मोडणं, परवानगीशिवाय बाहेरचं काम करणं, नोटीस पूर्ण न करता जाणं, कधीकधी सोडल्यावर ठरावीक काळात स्पर्धक कंपनीत जाणं हेही असतं. आपल्याकडे रविवारी फ्रीलान्सिंग करणारी पोरं कमी नाहीत. त्यामुळे ही यादी पूर्ण उतरवा, साध्या मराठीत, पण एकही मुद्दा न गाळता. आणि कॉज आहे की नाही हे कोण ठरवणार, बोर्ड की कमिटी की एकटे फाउंडर, तेही. इथे सारांश लांबला तर लांबू दे, पान मागे उलटलं तरी चालेल.

शेअर घेतल्यानंतरच्या बंधनांना दोन वाक्यं पुरतात. प्रायव्हेट कंपनीचे शेअर बाहेर कोणालाही विकता येत नाहीत, आधी कंपनीला किंवा बाकीच्या शेअरहोल्डर्सना विचारावं लागतं. आणि मोठ्या गुंतवणूकदाराने कंपनी विकली तर त्याच्याबरोबर त्याच अटींवर आपलेही विकावे लागू शकतात. शेअर डीमॅटमध्येच द्यायचे असतील तर डीमॅट अकाउंट आधी काढून ठेवायला सांगा, ९० दिवसांच्या मुदतीत त्याच कामात आठवडा जातो. आणि सोडणाऱ्याने अर्ज मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात टाकावा हेही लिहा, कारण मर्चंट बँकरचा रिपोर्ट जुना झाला असेल तर नवीन करून घ्यायला वेळ लागतो आणि तोवर टॅक्सचा आकडाच कळत नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये पेरेंट कंपनी अमेरिकेची असेल आणि ऑप्शन तिचे असतील तर वर सांगितलेला नियम १२ आणि एक वर्षाचं किमान अंतर तसं लागू होत नाही, प्राइस डॉलरमध्ये असते आणि सोडल्यावरचे ९० दिवस तिथल्या टॅक्स कायद्यावरून आलेले असतात. त्याचं पान वेगळं बनवा, या साच्यात कोंबू नका.

पान लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी कलमाचा नंबर टाका, "स्कीम कलम ९.२" असा. तुम्हाला अंगाशी येण्याची भीती आहे ना, त्यावर उपाय हाच आहे. वर एक ओळ, हा सारांश समजण्यासाठी आहे, फरक असेल तर मूळ स्कीम ग्राह्य, आणि सारांश कुठल्या तारखेच्या स्कीमवरून केलाय ती तारीख. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका, वर डिस्क्लेमर आणि खाली सरळ चुकीचा आकडा असेल तर माणूस चुकीच्या आकड्यावरच निर्णय घेणार आणि राग तुमच्यावरच निघणार.

म्हणून वाटण्याआधी एक तपासणी करा. ज्याला ईसॉपमधलं काहीच माहिती नाही अशा कोणाला, ॲडमिनमधल्या कोणालाही चालेल, ते पान द्या आणि तीन प्रश्न विचारा. २० ऑगस्ट २०२६ ला राजीनामा दिला तर किती ऑप्शन हातात? १० जानेवारी २०२८ ला दिला तर किती आणि कधीपर्यंत घ्यायचे? नोटीस न भरता गेला तर? उत्तरं आली पाहिजेत शून्य, ७०२ आणि ८ जून २०२८, आणि तिसऱ्याचं उत्तर तुमच्या कॉजच्या यादीप्रमाणे. मूळ लेटर न उघडता ही उत्तरं आली नाहीत तर जिथे अडलं ती ओळ परत लिहा. दुसऱ्या प्रश्नात कोणी ७८० म्हणालं तर नोटीस पीरियडची ओळ अजून नीट झालेली नाही असं समजा.

एक राहिलं, लेटर स्वीकारायची मुदत. बऱ्याच लेटरमध्ये असतं की इतक्या दिवसांत सही करून परत दिलं नाही तर ग्रँट आपोआप लॅप्स. हे व्हेस्टिंग, प्राइस, सोडणं या तिघांतही बसत नाही म्हणून सरांनी सांगितलेल्या यादीत नाही, पण पानाच्या अगदी वर, नावाखाली तीच तारीख टाका, आणि सही केलेली कॉपी कोणाकडे द्यायची तेही. स्कॅन मेलवर चालतो की ओरिजिनल हवं, हेसुद्धा लेटरमध्ये बघून घ्या.